तळटीप ७ : ‘फना’ आणि ‘इश्क-ए-हकीकी’

७. फना : मूळ अरबी अर्थ नाहीसे होणे. चित्रपटगीतांमुळे ‘प्रेमात बरबाद होणे’ असा अर्थ रूढ झाला आहे. कव्वालीत तो लावला की ओळीचा रोखच चुकतो. येथे नाहीसा होतो तो ‘मी’पणा, आणि त्यापुढे ‘बका’ असते, म्हणजे ईश्वराच्या आधाराने टिकून राहणे. ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी १२३५ साली दिल्लीत समा ऐकताना अहमद-ए-जाम यांच्या एका फारसी शेरावर भान हरपून बसले. पहिल्या चरणात आत्मसमर्पणाने मरणे, दुसऱ्यात क्षणोक्षणी नवा जीव मिळणे, असा तो शेर. चार दिवस तीच अवस्था होती; नमाजाची वेळ झाली की मात्र ते भानावर येत, नमाज पढत आणि पुन्हा तोच शेर म्हणवून घेत. अखेर त्यातच त्यांचा देह पडला. फना म्हणजे निव्वळ बेशुद्धी नव्हे, हे त्या नमाजातून कळते. ही हकिगत निजामुद्दीन औलियांच्या तोंडून अमीर हसन सिज्जी यांनी टिपली. सिज्जी यांची कबर आपल्या खुलदाबादेत आहे.

इश्क-ए-हकीकी : ‘हक’ म्हणजे सत्य, आणि ते ईश्वराचेही नाव; म्हणून हे ईश्वरावरचे प्रेम. माणसावरचे ते इश्क-ए-मजाजी. अनेक सूफी मजाजीला हकीकीकडे नेणारा पूल मानतात. म्हणूनच या कव्वालीतला ‘यार’ मुद्दाम संदिग्ध ठेवलेला आहे; अनुवादात आम्ही तो तसाच ठेवला.