कोंबडीच्या पायाखालची जाळी

मागच्या वेळी आपण बेंथमपाशी थांबलो होतो. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एक तळटीप आहे. प्राणी विचार करू शकतात का, बोलू शकतात का, हे विचारूच नका, त्यांना दुःख होतं का एवढंच विचारा, असा तिचा आशय. ही तळटीप सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच टिपेत प्राणी मारून खायला बेंथमची हरकत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याचं म्हणणं असं, की प्राण्याला पुढची चिंता नसते आणि निसर्गात आलं असतं त्यापेक्षा आपल्या हातून येणारं मरण लवकर उरकतं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘नैसर्गिक हक्क’ या कल्पनेची बेंथमने यथेच्छ टिंगल केली होती. म्हणजे दुःखाचा युक्तिवाद आणि हक्कांचा युक्तिवाद आज मोर्चात एकाच फलकावर दिसत असले, तरी जन्मापासून ते सवतच आहेत.

हे भांडण मला अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पिंजऱ्यात शिरून दाखवायचंय. तिथे ते नीट दिसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अंडी स्वस्त आणि भरपूर हवी होती. कोंबड्या अंगणातून शेडमध्ये गेल्या आणि तारेच्या पिंजऱ्यांच्या रांगांत बसल्या. पिंजऱ्याची तळजाळी उतरती, त्यामुळे अंडं आपोआप घरंगळत पुढे येतं. विष्ठा जाळीतून खाली पडते. रोग कमी, मजूर कमी. शहरातल्या माणसाला यातलं काही दिसत नव्हतं. रूथ हॅरिसन या बाईंच्या घरी एका प्राणिप्रेमी गटाचं पत्रक येऊन पडलं आणि त्या शोध घ्यायला लागल्या. १९६४ साली त्यांचं ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ आलं. त्याची प्रस्तावना रेचल कार्सनची होती. इतका गदारोळ झाला, की सरकारने त्याच वर्षी प्राणिशास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

डिसेंबर १९६५ चा तो अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. प्राण्याला निदान वळता यावं, अंग साफ करता यावं, उठता-बसता यावं, हातपाय ताणता यावेत, असं समितीने म्हटलं. किती साधी मागणी! (आपल्याकडचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, म्हणजे याच्याही आधीचा. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा त्यात गुन्हा आहे. तरी बॅटरी पिंजरे आपल्याकडे आलेच.)

त्या समितीने आणखी एक शिफारस केली होती. पिंजऱ्याच्या तळाशी बारीक षट्कोनी जाळी नको, जाड तारेची जाळी हवी. कारण उघड वाटत होतं, बारीक तार पायाला रुतणार. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या दोन संशोधकांनी कोंबड्यांनाच विचारलं. म्हणजे वेगवेगळ्या जाळ्या समोर ठेवल्या आणि कोंबडी कुठे जाऊन उभी राहते ते मोजलं. कोंबड्यांनी बारीक षट्कोनी जाळीच पसंत केली! तिच्यावर पाय जास्त ठिकाणी टेकतो. तज्ज्ञांची करुणा खरी होती, अंदाज मात्र चुकला.

दुःखाच्या युक्तिवादाची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही या एका गोष्टीत आहेत. ताकद अशी, की त्याला उत्तर तपासता येतं, चूक सुधारता येते. दुबळेपणा असा, की मोजमाप दिसतं तितकं सरळ नसतं. पुढे मेरियन डॉकिन्स यांनी कोंबड्यांना पिंजरा आणि बाहेरची मोकळी जागा यांतून निवड करू दिली. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्या सुरुवातीला पिंजऱ्याकडेच वळल्या. मोकळ्या जागेची ओळख झाल्यावर त्यांची पसंती बदलली. मग पहिल्या दिवशीचं उत्तर धरायचं, की नंतरचं?

आता पीटर सिंगर. १९७५ च्या ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’मध्ये त्याने हॅरिसनची माहिती आणि बेंथमची कसोटी एकत्र आणली. वेदना कोणाची आहे यावरून तिचं वजन ठरत नाही, सारख्या हितसंबंधाला सारखीच किंमत द्या, असं त्याचं म्हणणं. पिंजऱ्यातल्या कोंबडीचं वर्षभराचं हाल एका पारड्यात, आपल्या ताटातली चव दुसऱ्या पारड्यात. निकाल सांगायची गरज उरत नाही.

टॉम रेगन या अमेरिकन तत्त्वज्ञाला निकाल मान्य होता. त्याचा आक्षेप तराजूवरच होता. १९८० मध्ये एका नियतकालिकात या दोघांची जुगलबंदीच झाली. रेगन विचारतो, तराजू लावलाच आहे, तर पोल्ट्रीवाल्याची रोजीरोटी, पिंजरे बनवणारा, खाद्य विकणारा, त्यांची मुलंबाळं, हे सगळं दुसऱ्या पारड्यात का नको? आणि त्यानंतर पारडं फिरलं तर? कोंबडीला न्याय मिळणार की नाही हे अंड्याच्या बाजारावर ठरणार का? तो पेल्याची उपमा देतो. उपयुक्ततावादाला पेल्यातल्या गोड-कडू रसाशी मतलब आहे, पेल्याला स्वतःची किंमत नाही. १९८३ च्या ग्रंथात रेगनने म्हटलं, की ज्याला स्वतःचं आयुष्य आहे, आठवणी, इच्छा, बरं-वाईट आहे, त्याला अंगभूत मूल्य आहे आणि म्हणून हक्क आहेत. पिंजरा मोठा करून हा अन्याय मिटत नाही, कारण मूळ अन्याय कोंबडीला अंड्याचं यंत्र समजण्यात आहे.

युरोपने १९९९ मध्ये नियम केला. २००३ पासून कोंबडीमागे निदान ५५० चौरस सेंटिमीटर जागा. हे आपल्या ए-फोर कागदापेक्षाही कमीच. २०१२ पासून जुने पिंजरे बंद, त्याजागी ७५० चौरस सेंटिमीटरचा सुधारित पिंजरा, त्यात अंडी घालायला आडोसा, बसायला दांडी, उकरायला थोडी जागा. सिंगरच्या हिशेबात हा खराखुरा फायदा आहे, कोट्यवधी जिवांचा. रेगनच्या हिशेबात तुरुंगाला रंग दिला. मला विचाराल तर माझं मन रेगनकडे ओढतं, पण जागा वाढली ती दुःख मोजणाऱ्यांमुळे, हे नाकारता येत नाही.

पण पिंजऱ्यापर्यंत जे पोचतच नाही, त्याचं काय? अंड्याच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसासाठी पोसायला परवडत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी पिल्लांची निवड होते आणि नर मारले जातात. समजा, मरण क्षणात आलं, वेदना झालीच नाही. दुःखाचा युक्तिवाद इथे अडखळतो. सिंगरने स्वतःच १९७९ मध्ये अशी शक्यता मांडली होती, की भविष्याची जाणीव नसलेला जीव वेदनेविना मारून त्याच्या जागी तितकाच सुखी दुसरा आणला, तर नुकसान दाखवणं कठीण आहे. इथे रेगन जिंकला, असं तुम्ही म्हणाल. थांबा. १९८३ मध्ये त्याने खात्रीने सांगितलेलं उदाहरण म्हणजे एक वर्षाहून मोठे सस्तन प्राणी. पक्षी आणि कोवळे जीव यांना त्याने संशयाचा फायदा दिला होता, एवढंच. एक दिवसाचं पिल्लू त्याच्याही दाराबाहेरच उभं राहतं, फक्त दार लोटलेलं असतं.

जर्मनीने २०२२ पासून ही पिल्लं मारणं बंद केलं. त्याआधी २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं होतं, की केवळ आर्थिक हित हे मारण्याचं रास्त कारण होऊ शकत नाही. ही भाषा हक्कवाल्यांना जवळची वाटते. मग उबवणी केंद्रांनी अंड्यातच नर-मादी ओळखण्याचं तंत्र घेतलं आणि कायद्यापुढे नवा प्रश्न आला, नर निघालेलं अंडं कोणत्या दिवसापर्यंत टाकून द्यायचं? आधी सहाव्या दिवसानंतर नको असं ठरलं होतं, २०२३ मध्ये ती मर्यादा बाराव्या दिवसापर्यंत नेली. आधार काय धरला? त्या दिवसापर्यंत गर्भाला वेदना जाणवत नाही, हा.