पूरक आहार, शिशूचा
बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीने दिले जाणारे अन्न. या सुमारास जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत येतो आणि नुसते दूध पुरत नाही. महाराष्ट्रात उष्टावणानंतर मऊ भात, मुगाचे वरण किंवा नाचणीची खीर सुरू करतात. आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा पुरे. वरणाच्या नुसत्या पाण्याने पोट भरते, पोषण होत नाही. चमचा तिरका केल्यावर ओघळणार नाही इतका घास दाट हवा. वर्षापर्यंत मध देऊ नये.

शेंगदाणा, अंडे लांबणीवर टाकण्याची जुनी रीत चुकीची ठरली आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात लवकर शेंगदाणा दिलेल्या, जोखीम असलेल्या बाळांमध्ये त्याची अ‍ॅलर्जी बरीच कमी आढळली. भाजलेल्या दाण्यांचे गुळगुळीत, पातळ केलेले वाटण पाव चमचा, सकाळी, दुसरा कोणताही नवा पदार्थ न देता भरवावे आणि दोन तास लक्ष ठेवावे. अख्खा दाणा घशात अडकतो. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा वारंवार उलटी झाली, तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. श्वास लागला किंवा बाळ मलूल पडले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. तीव्र इसब असलेल्या बाळाला शेंगदाणा डॉक्टरांना विचारूनच द्यावा.