बालदम्यातील मॅग्नेशियम सल्फेट : मात्रेच्या एका नियमाचा इतिहास

तीव्र दम्याच्या झटक्यात सालब्युटामॉलच्या वाफा, इप्राट्रोपियम व स्टेरॉइड देऊनही मूल सुधारत नसेल, तर मॅग्नेशियम सल्फेट शिरेवाटे द्यावे, असे आजच्या मार्गदर्शिका सांगतात. मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ४० मिलिग्रॅम, कमाल मर्यादा २ ग्रॅम, आणि देण्याचा अवधी २० मिनिटे, हा त्यांतील सर्वांत प्रचलित नियम होय. काही मार्गदर्शिका ४० ते ५० मिलिग्रॅम व २० ते ६० मिनिटे अशी सवडही ठेवतात. हे आकडे एखाद्या निसर्गनियमातून निघालेले नाहीत. ते थोड्याशा रुग्णांवरील काही प्रयोगांतून ठरत गेले, आणि त्यांचा अर्थ त्या प्रयोगांच्या घडणीतच शोधावा लागतो.

या क्षाराचा दम्यातील उपयोग नवा नाही. रोसेलो व प्ला यांनी १९३६ साली ब्यूनोस आयर्स येथील एका वैद्यकीय नियतकालिकात दम्याच्या झटक्यावरील त्याचा परिणाम नोंदविला होता. मॅग्नेशियमचा आयन स्नायुपेशीत शिरणाऱ्या कॅल्शियमला आडकाठी करतो. कॅल्शियम कमी पोहोचले की श्वासनलिकांभोवतीचा आवळलेला स्नायू सैल पडतो. तथापि पुढे अन्य श्वासनलिकाविस्फारक औषधे प्रचारात आल्यावर हा उपाय दीर्घकाळ मागे पडला. १९८९ साली स्कोबेलॉफ व सहकाऱ्यांनी ३८ प्रौढ रुग्णांवर केलेल्या नियंत्रित प्रयोगाने त्याकडे पुन्हा लक्ष वेधले. त्यांनी १.२ ग्रॅम क्षार २० मिनिटांत दिला होता. वीस मिनिटांचा अवधी बालरोगशास्त्रात येण्यापूर्वीच प्रौढांच्या चिकित्सेत असा रूढ झालेला होता.

मुलांसाठी वजनानुसार मात्रा ठरविण्याच्या कामी सिअरालो व सहकाऱ्यांचे दोन प्रयोग महत्त्वाचे ठरले. १९९६ च्या प्रयोगात ६ ते १८ वर्षे वयाचे ३१ रुग्ण होते आणि वाफेची औषधे तीनदा देऊनही त्यांचा उच्छ्वासाचा कमाल वेग अपेक्षेच्या साठ टक्क्यांच्या आतच राहिला होता. त्यांना दर किलोस २५ मिलिग्रॅम, कमाल २ ग्रॅम, २० मिनिटांत देण्यात आले आणि सुधारणा दिसली. साठ किलो वजनाच्या प्रौढास १.२ ग्रॅम म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम होतात. म्हणजे ही पहिली मात्रा प्रौढांच्या मात्रेच्या जवळपासच होती. २००० सालच्या दुसऱ्या प्रयोगात ती ४० मिलिग्रॅमपर्यंत वाढविली गेली. कमाल मर्यादा व अवधी तेच राहिले. या वेळी मॅग्नेशियम मिळालेल्या १६ पैकी ८ रुग्ण तातडीच्या विभागातूनच घरी जाऊ शकले. केवळ लवणजल मिळालेल्या १४ पैकी एकही जाऊ शकला नाही. ४० या आकड्याला जे वजन प्राप्त झाले, ते मुख्यतः या ३० मुलांमुळे.

येथे एक शंका उद्भवते. मात्रा वाढविल्याने गुण वाढला, तर ती आणखी वाढविल्यास अधिक गुण यावयास हवा. त्याच वर्षी स्कार्फोन व सहकाऱ्यांनी ५४ मुलांना किलोमागे ७५ मिलिग्रॅम, कमाल २.५ ग्रॅम, २० मिनिटांत दिले, पण लवणजलाच्या तुलनेत कोणताही लाभ आढळला नाही. याउलट चंडीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत देवी व सहकाऱ्यांनी ४७ मुलांवर केलेला प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला होता. त्यांनी ५० टक्के द्रावणाचे किलोमागे ०.२ मिलिलिटर, म्हणजे १०० मिलिग्रॅम, ३५ मिनिटांत दिले; आणि तेथे मुलांच्या स्थितीत लवकर व अधिक सुधारणा झाली.

७५ निष्फळ आणि १०० सफल, हा विरोध केवळ मात्रेने सुटत नाही. तो रुग्णांच्या निवडीने सुटतो. स्कार्फोन यांच्या प्रयोगात मॅग्नेशियम उपचाराच्या आरंभीच, नेहमीच्या औषधांबरोबर दिले गेले. ज्या मुलांना नेहमीच्या औषधांनीच बरे वाटणार होते तीही त्यात होती. त्यांच्यात वेगळा लाभ दिसण्यास जागाच नव्हती. चंडीगड येथील मुले सालब्युटामॉलच्या तीन वाफांनंतरही न सुधारलेली होती. सिअरालो यांचीही तशीच. तेव्हा 'किती द्यावे' या प्रश्नाआधी 'कोणास व केव्हा द्यावे' हा प्रश्न येतो.

अवधीचा प्रश्न दोन बाजूंनी बांधलेला आहे. क्षार झपाट्याने दिल्यास रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब घसरतो आणि चेहरा लाल होऊन अंगात ऊब पसरते. तो फार सावकाश दिल्यास मूत्रपिंडे तो समांतर बाहेर टाकतात व रक्तातील पातळी पुरेशी चढत नाही. वीस मिनिटे ही या दोन टोकांमधील तडजोड होय.

एक उदाहरण घेतल्यास हिशेब स्पष्ट होईल. मुलाचे वजन १८ किलो आहे. १८ गुणिले ४० म्हणजे ७२० मिलिग्रॅम. बाजारातील ५० टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम क्षार असतो, म्हणून १.४४ मिलिलिटर घ्यावे लागते. त्यात ०.९ टक्के लवणजल घालून एकूण २० मिलिलिटर केले, तर मिनिटास १ मिलिलिटर, म्हणजे पंपावर ताशी ६० मिलिलिटर, हा वेग ठरतो. मूळ द्रावण विरल न करता शिरेत देऊ नये. ५० किलोच्या मुलात मात्रा २ ग्रॅमवर पोहोचते. त्यापुढे वजन वाढले तरी मात्रा वाढत नाही.

चूक बहुधा याच हिशेबात होते. ४० मिलिग्रॅम हे क्षाराचे वजन आहे, मॅग्नेशियम धातूचे नव्हे. या क्षारात धातूचा अंश सुमारे एक दशांश असतो. लिहिणाऱ्याने एक व वाचणाऱ्याने दुसरे धरले, किंवा दशांशचिन्ह एका स्थानाने सरकले, तर त्याच मुलास ७२० ऐवजी ७,२०० मिलिग्रॅम, म्हणजे १४.४ मिलिलिटर, जाईल. १८ किलोच्या मुलासाठी दोन मिलिलिटरच्या एकाहून अधिक कुप्या फोडाव्या लागत असतील, तर तेथेच थांबून हिशेब पुन्हा करावा.

अतिमात्रेची खूण गर्भिणीच्या आकडीवर हा क्षार देताना मिळालेल्या अनुभवातून ज्ञात आहे. प्रथम गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया लोपते, त्यानंतर श्वसनाचे स्नायू दुबळे होतात. दम्याच्या मुलात यातील धोका दुहेरी आहे, कारण थकून मंदावलेला श्वास सुधारणेसारखा भासू शकतो. म्हणून देताना रक्तदाब, नाडी, प्राणवायूची पातळी व गुडघ्याचा झटका वारंवार पाहावा. शंका येताच औषध थांबवावे, श्वसनास आधार द्यावा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेवाटे सावकाश द्यावे. मूत्रपिंडे निकामी असल्यास हा नियम तसाच लागू करणे सुरक्षित नव्हे.

सारांश, ४० हा आकडा सर्वोत्तम मात्रा म्हणून सिद्ध झालेला नाही. तो लाभ दिसलेल्या व सुरक्षित ठरलेल्या मात्रांपैकी एक आहे. त्यामागील प्रयोगांनी अधिक ठामपणे सांगितलेली गोष्ट अशी की, हा क्षार पहिल्या औषधांची जागा घेत नाही. ती हरल्यानंतर त्याची पाळी येते.