सीजीनॅट आणि घरगुती गेम सर्व्हर

सीजीनॅट म्हणजे इंटरनेट सेवादात्याने एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देण्याची व्यवस्था. ‘कॅरिअर-ग्रेड नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन’ या संज्ञेचे हे लघुरूप आहे. या व्यवस्थेत घरातून बाहेर जाणाऱ्या जोडण्या सुरळीत चालतात. परंतु बाहेरून घरातील संगणकाकडे येणारी जोडणी सेवादात्याच्या यंत्रणेतच अडते, आणि त्यामुळे घरी चालवलेल्या गेम सर्व्हरपर्यंत इतर खेळाडू पोहोचू शकत नाहीत.

कारण : आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. त्यांचे जागतिक वाटप करणाऱ्या ‘आयाना’कडील शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये संपले. त्यानंतर एप्रिल २०१२ मध्ये 100.64.0.0 ते 100.127.255.255 हा पट्टा सेवादाता आणि ग्राहक यांच्यामधील अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला.

अडथळ्याचे स्वरूप : घरातील राउटर बाहेर गेलेल्या प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर त्या नोंदीनुसार योग्य संगणकाकडे पाठवतो. बाहेरून येणाऱ्या नव्या जोडणीसाठी अशी नोंद नसते. म्हणून सर्व्हर चालवणारा ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करतो, म्हणजे ठरावीक क्रमांकाच्या पोर्टवर आलेली माहिती कोणत्या संगणकाकडे न्यावी हे राउटरला कायमचे सांगून ठेवतो. सीजीनॅटमध्ये नोंदींची अशीच दुसरी यादी सेवादात्याकडे असते आणि ती ग्राहकाला बदलता येत नाही. बदलत्या पत्त्याला स्थिर नाव देणारी डायनॅमिक डीएनएस सेवाही येथे निरुपयोगी ठरते, कारण ते नाव सामायिक पत्त्याकडेच बोट दाखवते.

निदान : राउटरच्या स्थितिदर्शक पानावर ‘WAN IP’ म्हणून दिसणारा पत्ता आणि बाहेरच्या संकेतस्थळाला दिसणारा पत्ता यांची तुलना करावी. समजा, माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर 192.168.1.20 या संगणकावर 25565 या पोर्टवर चालू आहे, राउटरवर 100.72.14.9 आणि बाहेर 203.0.113.45 दिसते, तर मध्ये सीजीनॅट आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग अचूक असूनही जोडणी होणार नाही. राउटरवरील पत्ता 10 ने सुरू होत असल्यासही संशय तोच. मात्र सेवादात्याच्या मोडेमला स्वतःचा दुसरा राउटर जोडला असेल, तर घरातल्या घरातच दोनदा रूपांतर होत नाही ना, हे आधी पाहावे. टेलस्केल ही सेवा संगणकाला याच राखीव पट्ट्यातील पत्ता देते. म्हणून तुलनेसाठी संगणकावरचा नव्हे, राउटरवरचा पत्ता घ्यावा.

उपाय : सर्वांत सरळ उपाय म्हणजे सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ता मागून घेणे, तो बहुधा वेगळे शुल्क भरून मिळतो. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई नसल्याने ती उपलब्ध असल्यास सर्व्हरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. पण राउटरच्या फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडावा लागतो आणि प्रत्येक खेळाडूकडेही तीच आवृत्ती असावी लागते.

ओळखीच्या मोजक्या मित्रांसाठी टेलस्केल किंवा झीरोटिअर पुरेसे होते. दोन्ही बाजूंनी बाहेरच्या दिशेने माहिती पाठवून नोंदी तयार करायच्या आणि त्यांतूनच थेट वाट काढायची, हे त्यांचे तंत्र आहे. थेट वाट न निघाल्यास माहिती मधल्या सर्व्हरमार्गे जाते आणि प्रतिसाद मंदावतो. प्रत्येक खेळाडूला ते सॉफ्टवेअर बसवावे लागते, ही त्याची मर्यादा.

अनोळखी खेळाडूंनाही प्रवेश द्यायचा असल्यास सार्वजनिक पत्ता असलेला छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घेऊन घरातून त्याच्यापर्यंत वायरगार्डचा बोगदा काढतात. बोगदा घरातून बाहेर सुरू होत असल्याने सीजीनॅट त्याला अडवत नाही. नोंद पुसली जाऊ नये म्हणून घरच्या बाजूला `PersistentKeepalive = 25` ठेवून दर २५ सेकंदांनी संदेश पाठवला जातो. घरच्या संगणकाचा बोगद्यातील पत्ता 10.8.0.2 असल्यास व्हीपीएसवर पुढील आज्ञा द्याव्यात. तेथील फायरवॉलमध्येही हा पोर्ट खुला असावा.

```
sysctl -w net.ipv4.ip_forward=1
iptables -t nat -A PREROUTING -d 203.0.113.50 -p tcp --dport 25565 -j DNAT --to-destination 10.8.0.2
iptables -t nat -A POSTROUTING -d 10.8.0.2 -p tcp --dport 25565 -j MASQUERADE
```

येथे 203.0.113.50 हा व्हीपीएसचा पत्ता मानला आहे. शेवटच्या आज्ञेमुळे सर्व खेळाडू गेम सर्व्हरला व्हीपीएसच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात. म्हणून त्रासदायक खेळाडूला पत्त्यावरून बंदी घातल्यास सर्वांचाच प्रवेश बंद होतो, आणि बंदी खेळाडूच्या नावावरच घालावी लागते. सर्व माहिती व्हीपीएसमार्गे जात असल्याने तो खेळाडूंच्या जवळच्या शहरात असणे इष्ट. महाराष्ट्रातील गटासाठी मुंबईतील व्हीपीएस परदेशातील व्हीपीएसपेक्षा सोयीचा ठरतो.