घसरणे आणि कलंडणे : उतरत्या फळीवरील पेटीच्या प्रश्नाचा इतिहास

वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे सातपुड्याच्या पायथ्याचे संत्र्यांचे गाव. तेथील फळांची एखादी उंच, अरुंद लाकडी पेटी फळीवर उभी ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचलीत गेल्यास ती आधी घसरेल की कलंडेल? ह्या दोन गतींसाठी मराठीत दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. घसरणारी वस्तू आपली बैठक न सोडता जागा सोडते. कलंडणारी वस्तू बैठकच सोडते. व्यवहारभाषेने सहज केलेल्या ह्या भेदाच्या दोन बाजूंची उपपत्ती लागण्यात मात्र सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर पडले.

कलंडण्याची उपपत्ती प्राचीन होय. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने गुरुत्वमध्याची कल्पना गणिताने सिद्ध केली. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा तळाच्या खालच्या कडेबाहेर गेला की पेटी कलंडते. घसरण्यासाठी मात्र घर्षणाचे माप हवे होते. घर्षण भाराच्या प्रमाणात असते व स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे आमोंताँने १६९९ साली पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले. लिओनार्दोला ते पूर्वीच उमगले होते. पण त्याच्या वह्या अप्रकाशित राहिल्या. पुढे ऑयलरने १७५० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांत उतरणीचा कोन व घर्षण ह्यांची सांगड घातली : घसरण्याच्या क्षणी कोनाची स्पर्शज्या हाच घर्षणगुणांक. आता कुठे दोन्ही कोन एका मापाने ताडता येऊ लागले.

समजा, पेटी ७५ सेंटिमीटर उंच, तिचा तळ उताराच्या दिशेने ३० सेंटिमीटर आणि फळे एकसारखी भरलेली आहेत. कलंडण्याची स्पर्शज्या ३० भागिले ७५, म्हणजे ०.४, कोन सुमारे २२ अंश. कोरड्या लाकडावर लाकडाचा घर्षणगुणांक ०.५ धरल्यास घसरण्याचा कोन सुमारे २७ अंश. पेटी आधी कलंडेल. तीच पेटी फिरवून तिची ४५ सेंटिमीटरची बाजू उताराच्या दिशेने ठेवली, तर कलंडण्याचा कोन ३१ अंशांवर जातो आणि ती आधी घसरते. वजनाचा येथे संबंध नाही, कारण ते दोन्ही बाजूंनी सारखेच छेदले जाते. पेटी अर्धी रिकामी केल्याने फरक पडतो तो गुरुत्वमध्य खाली आल्यामुळे.

ह्या हिशेबाला मर्यादा आहेत. फळीवर पाय टेकण्यासाठी ठोकलेली आडवी पट्टी पेटीची खालची कड अडवून धरते. मग घर्षणाचा प्रश्नच उरत नाही व केवळ कलंडणे शिल्लक राहते. धक्का बसल्यास दोन्ही कोन निरुपयोगी ठरतात. फळी सावकाश उचलली जात असेल, तर निर्णय डोळ्यांना दिसतो : तळाच्या वरच्या कडेखाली उजेडाची फट पडली की पेटी कलंडू लागली असे समजावे, फट न पडता ती खाली सरकली, तर घसरणे आधी घडले.