सामाईक जमिनीतला हिस्सा मृत्युपत्राने देता येतो का? नाही ते हो, आणि मधली शहात्तर वर्षं

हसनाबादला चार माणसं बसली की जमिनीचा विषय निघतोच. त्यात दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. एक जण म्हणतो, "सातबारा बापाच्या नावावर आहे, तो वाटेल त्याला लिहून देईल." दुसरा म्हणतो, "वडिलोपार्जित जमिनीचं मृत्युपत्र होतच नाही." दोन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत. दुसरं वाक्य तर एकेकाळी पूर्ण खरं होतं. ते कसं बदललं हे माहीत नसल्यामुळे आजही भाऊ-बहीण भोकरदनच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. म्हणून आज थोडा इतिहास.

आपल्याकडे मिताक्षरा पद्धत. एकत्र कुटुंबात जन्मलेल्या मुलाला जन्मापासूनच वडिलोपार्जित मिळकतीत हक्क. अशा हक्कदाराला कायद्यात सहदायाद म्हणतात. पण वाटणी होईपर्यंत कुणाचाच हिस्सा ठरलेला नसतो. घरात कुणी जन्मला की प्रत्येकाचा हिस्सा कमी होतो आणि कुणी वारला की वाढतो. जुन्या कायद्यात वारलेल्याचा हिस्सा त्याच्या बायकोला किंवा मुलीला मिळत नसे. तो मागे राहिलेल्या सहदायादांच्या हक्कात आपोआप मिसळून जायचा.

मग मरणाऱ्याने मृत्युपत्र करून ठेवलं असेल तर? हा प्रश्न मुंबई इलाख्यातून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. लक्ष्मण दादा नाईक विरुद्ध रामचंद्र दादा नाईक या नावाने तो खटला ओळखला जातो. दोघं सख्खे भाऊ. बापाने मृत्युपत्रात वडिलोपार्जित मिळकतीची कमीजास्त वाटणी करून ठेवली होती. १८८० साली निकाल आला : एकत्र कुटुंबातल्या सहदायादाला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नाही.

त्यामागचा युक्तिवाद साधा होता. मद्रास हायकोर्टाने तो १८७४ सालीच मांडला होता. मृत्युपत्र अमलात येतं माणूस वारल्यावर, आणि त्याच क्षणी मागे राहिलेल्यांचा हक्कही उभा राहतो. दोघांची टक्कर झाली तर मागे राहिलेल्यांचा हक्क आधीचा धरायचा. मग मृत्युपत्राने द्यायला मरणाऱ्याच्या हातात काही उरतच नाही.

इथं एक गंमत आहे. आपल्या मुंबई इलाख्यात सहदायादाला आपला अविभक्त हिस्सा पैसे घेऊन विकता येत होता. विकता येतो, मग मृत्युपत्राने का देता येत नाही? कारण विकत घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात, त्याला वाऱ्यावर सोडता येत नाही. मृत्युपत्राने घेणारा काहीच मोजत नाही. म्हणून विक्रीची सवलत मृत्युपत्राला लावायला प्रिव्ही कौन्सिलने नकार दिला.

या नियमाचा खरा फटका बसला बायकांना. ज्याला मुलगा नाही असा माणूस भावांबरोबर एकत्र राहून वारला, तर त्याचा हिस्सा भावांकडे. बायकोला फक्त पोटगी. नवऱ्याची कितीही इच्छा असली तरी कागद लिहून उपयोग नव्हता. एकच वाट होती, जिवंतपणी वेगळं होणं. मध्य प्रांतातल्या गिरजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज या खटल्यात नवऱ्याने वेगळं व्हायचंय असं भाऊबंदांना लेखी कळवलं होतं आणि दावाही लावला होता. दावा चालू असतानाच तो वारला. १९१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की वेगळं व्हायचा इरादा स्पष्ट कळवला, तिथंच तो वेगळा झाला. प्रत्यक्ष वाटणी व्हायला वेळ लागला तरी चालेल. म्हणून त्याचा हिस्सा गिरजाबाईंना मिळाला.

पुढे १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला. तेव्हा आपला भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात आणि हैदराबाद राज्यात होता. या कायद्याच्या कलम ३० च्या स्पष्टीकरणात एक ओळ आली : मिताक्षरा एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येईल. १८८० चा नियम त्या एका ओळीने गेला.

पण नीट वाचा, "आपला हिस्सा". सगळी जमीन नाही. हा हिस्सा मोजायचा कसा? मरणाच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असती तर त्याच्या वाट्याला जे आलं असतं, तो त्याचा हिस्सा. ही कागदावरची वाटणी सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये मगदूम कुटुंबाच्या खटल्यात समजावून सांगितली. खंडप्पा मगदूम १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलं, तीन मुली. मुंबई परंपरेत बाप-लेकांच्या वाटणीत आईलाही हिस्सा मिळतो, म्हणून चार वाटे : बाप, आई, दोन मुलं. मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे खंडप्पांचा चौथा हिस्सा सहा वारसांत गेला. हिराबाईंना आपला पाव आणि वर चोविसावा हिस्सा, म्हणजे चोविसात सात मिळाले. आता समजा खंडप्पांनी सगळं एका मुलाच्या नावे लिहून ठेवलं असतं, तर? ते मृत्युपत्र फक्त त्यांच्या पाव हिश्शापुरतं चाललं असतं. हिराबाईंच्या पावाला हात लागला नसता.

आता आजचा हिशोब. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही जन्मापासून सहदायाद आहे, लग्न झालेलं असो वा नसो. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर ती मात्र उकरता येत नाही. वडील २००५ ला हयात असायला हवेत ही अट नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

धरा, वडिलोपार्जित १० एकर आहे. घरात वडील, आई, दोन मुलं, एक मुलगी. पाच वाटे, प्रत्येकी २ एकर. वडील मृत्युपत्र न करता वारले तर त्यांचे २ एकर चौघांत, प्रत्येकी २० गुंठे. म्हणजे प्रत्येकाला अडीच एकर. वडिलांनी सगळे १० एकर धाकट्याच्या नावे लिहिले असतील, तर ते टिकेल वडिलांच्या २ एकरांपुरतंच. धाकट्याला ४, बाकी तिघांना २-२. मुलीचा बापाच्या हिश्शातला अर्धा एकर गेला, पण तिचे स्वतःचे २ एकर कुठलंही मृत्युपत्र काढून घेऊ शकत नाही.

दोन जागी माणसं हमखास चुकतात. पहिली चूक, मृत्युपत्रात "अमुक गटातली रस्त्याकडची चार एकर" असं लिहायचं. वाटणीच झाली नसेल तर कुठला तुकडा आपला हे ठरलेलंच नसतं, हिस्सा देता येतो, तुकडा नाही. दुसरी चूक, मृत्युपत्राऐवजी बक्षीसपत्र करायचं. अविभक्त हिश्शाचं बक्षीसपत्र बाकी सहदायादांच्या संमतीशिवाय आजही चालत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये हेच सांगितलंय. कलम ३० ने दार उघडलं ते फक्त मृत्युपत्रासाठी.

आणि हे सगळं वडिलोपार्जित जमिनीचं झालं. वडिलांनी स्वकमाईने घेतलेली जमीन ते वाटेल त्याला देऊ शकतात. म्हणून भांडणाआधी जुने फेरफार काढा आणि जमीन आली कुठून ते बघा. सातबाऱ्यावर एकट्या बापाचं नाव आहे एवढ्यावरून ती त्याची एकट्याची ठरत नाही, आणि मृत्युपत्रावरून फेरफार मंजूर झाला म्हणून बहिणीचा हक्कही संपत नाही.

तुमच्याकडे जुनं वाटणीपत्र असेल तर त्याची तारीख तेवढी बघून ठेवा. बरंचसं त्या तारखेवरच ठरतं.