प्लॅटिनम, व्हाइट गोल्ड की पॅलेडियम? रोज घालायच्या अंगठीसाठी कोणता धातू घ्यावा?

दुकानाच्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन पांढऱ्या अंगठ्या नव्या असताना जवळपास सारख्याच दिसतात. फरक कळतो तो दोन-तीन वर्षांनी. एक पिवळट पडते, एकीची चमक मंद होते, आणि तिसरी बोटात सैल झाली तर ती लहान करून देणारा कारागीर शोधावा लागतो. साखरपुड्याची किंवा लग्नाची अंगठी रोज बोटात राहणार असेल, तर आजच्या चमकेपेक्षा हा पुढचा प्रवास आधी समजून घेतलेला बरा.

आधी नावांचा गोंधळ

'पांढरे सोने' हा शब्द काही जण प्लॅटिनमसाठीही वापरतात. प्रत्यक्षात हे दोन वेगळे धातू आहेत. व्हाइट गोल्ड म्हणजे सोनेच, पण त्यात निकेल किंवा पॅलेडियम, शिवाय चांदी, तांबे, जस्त असे धातू मिसळून त्याचा पिवळेपणा कमी केलेला असतो. १८ कॅरेटच्या व्हाइट गोल्डमध्ये ७५ टक्के सोने असते. प्लॅटिनम हा मुळातच पांढरा, स्वतंत्र धातू आहे आणि दागिन्यात तो सहसा ९५ टक्के शुद्ध असतो. पॅलेडियम हे प्लॅटिनमचे हलके भावंड. १८०२ मध्ये विल्यम वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ते प्लॅटिनमच्याच खनिजातून वेगळे केले. तेही दागिन्यात बहुधा ९५ टक्के शुद्ध वापरतात.

रंग : खरा पांढरा कोण?

मिश्रण कितीही चांगले असले तरी व्हाइट गोल्डचा मूळ रंग फिका पिवळसर किंवा करडा असतो. दुकानात दिसतो तो लखलखीत पांढरा रंग वरच्या रोडियमचा असतो. रोडियम हा कठीण, आरशासारखा चमकणारा धातू. त्याचा थर बहुतेक वेळा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या कित्येक पट कमी. रोजच्या वापरात तो झिजतो, आणि सगळीकडे एकदम नाही. आधी तळहाताकडची बाजू जाते, कारण स्कूटरचे हँडल, भांडी, पिशवीचे बंद तिथेच घासतात. मग कडा पिवळट दिसू लागतात. रोज घातलेल्या अंगठीत हे साधारण एक-दोन वर्षांत होते. अंगठी खोटी निघाली असे समजून अनेक जण इथेच घाबरतात, पण आत सोने जसेच्या तसे असते.

उपाय म्हणजे पुन्हा रोडियम चढवून घेणे. मात्र त्याआधी ओरखडे काढण्यासाठी सोनार अंगठीला पॉलिश करतो आणि प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा धातू निघून जातो. बारीक पट्टीच्या अंगठीला हे वारंवार केले, तर पट्टी आणि खडा धरणारी नखे पातळ होत जातात.

प्लॅटिनम आणि पॅलेडियमला या थराची गरज नसते. त्यांचा पांढरा रंग आतपर्यंत सारखाच असतो. पॅलेडियम किंचित अधिक करडे दिसते, इतकाच फरक.

टिकाऊपणा : ओरखडा आणि झीज एकच नाही

प्लॅटिनमला ओरखडे पडत नाहीत, हा मोठा गैरसमज आहे. निकेल घातलेले व्हाइट गोल्ड प्लॅटिनमपेक्षा बरेचदा अधिक कठीण असते आणि त्यावर ओरखडे कमी उठतात. पण ओरखडा पडल्यावर काय होते ते महत्त्वाचे. सोन्याच्या अंगठीवरून धातूचा बारीक कण निघून जातो. प्लॅटिनममध्ये धातू बराचसा बाजूला सरकतो, निघून जात नाही. म्हणून प्लॅटिनमची अंगठी काही महिन्यांत मंद, साटीनसारखी दिसू लागते, पण तिचे वजन फारसे घटत नाही. चमक हवी असेल तर पॉलिश करून परत आणता येते.

हिऱ्याच्या अंगठीत हा फरक नखांवर दिसतो. प्लॅटिनमचे नख वाकते, पण सहजासहजी तुटत नाही. निकेलयुक्त व्हाइट गोल्डचे वैर क्लोरीनशी. पोहण्याच्या तलावातले पाणी किंवा ब्लीच वारंवार लागले, तर ताणाखाली असलेल्या नखांना बारीक तडे जाऊन ती तुटू शकतात. मऊ कापडावरून अंगठी फिरवल्यावर नख धाग्यात अडकत असेल, तर ते उचललेले किंवा झिजलेले आहे असे समजावे आणि खडा पडण्याआधी सोनाराला दाखवावे.

बोटाला खाज किंवा लाल चट्टा येत असेल तर निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. रोडियम झिजल्यानंतरच हा त्रास सुरू झाला, तर ही शक्यता अधिक. अशांसाठी प्लॅटिनम सुरक्षित पर्याय आहे. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना पॅलेडियमचाही त्रास होतो.

किंमत : फक्त ग्रॅमचा भाव पाहू नका

तिन्ही धातूंची घनता वेगळी असल्याने एकाच मापाच्या अंगठीचे वजन वेगळे भरते. समजा, एका साध्या अंगठीला पाव घन सेंटिमीटर धातू लागतो. ती ९५० प्लॅटिनममध्ये सुमारे ५.२ ग्रॅम, १८ कॅरेट व्हाइट गोल्डमध्ये ३.९ ग्रॅम आणि ९५० पॅलेडियममध्ये ३ ग्रॅम भरेल. त्यात शुद्ध प्लॅटिनम ४.९ ग्रॅम, शुद्ध सोने २.९ ग्रॅम, तर शुद्ध पॅलेडियम जवळपास सोन्याइतकेच.

यातून एक सोपा आडाखा निघतो. प्लॅटिनमचा ग्रॅमचा भाव शुद्ध सोन्याच्या भावाच्या ६० टक्के असेल, तर दोन्ही अंगठ्यांतील मुख्य धातूची किंमत सारखी होते. सोने १०० रुपये धरले आणि प्लॅटिनम ६०, तर दोन्हीकडे हिशेब २९० रुपयांच्या आसपास येतो. भाव त्याहून खाली असेल तर प्लॅटिनम स्वस्त, वर असेल तर व्हाइट गोल्ड. हे प्रमाण कायम नसते. २००८ च्या सुरुवातीला प्लॅटिनम सोन्याच्या दुपटीहून महाग होते, तर गेल्या दशकात ते सोन्याहून स्वस्त राहिले. पॅलेडियम गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत लागते, त्यामुळे त्याचा भाव वाहन उद्योगाबरोबर हलतो. एके काळी स्वस्त असलेले पॅलेडियम २०१९ मध्ये सोन्याच्याही वर गेले आणि पुढे खूप खाली आले.

यावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी. सोने १०६४ अंशांना वितळते, प्लॅटिनमला १७६८ अंश सेल्सिअस लागतात, म्हणून त्याची घडणावळ सहसा जास्त असते. पॅलेडियम १५५५ अंशांना वितळते, पण तापवल्यावर वायू शोषून ठिसूळ होऊ शकते, त्यामुळे त्यावर काम करणारे कारागीर कमी. मोडीला व्हाइट गोल्ड सोन्याच्या भावाने कुठेही जाते. प्लॅटिनमसाठी बहुधा त्याच दुकानात परत जावे लागते, आणि पॅलेडियमला गिऱ्हाईक मिळणे सर्वांत अवघड.

मग निवड कशी करावी?

खड्याची अंगठी कधीच काढायची नसेल किंवा त्वचा नाजूक असेल, तर प्लॅटिनम. दर एक-दोन वर्षांनी रोडियम चढवण्याची तयारी असेल आणि मोडीची किंमत महत्त्वाची असेल, तर व्हाइट गोल्ड. हलकी, साधी, खड्याविना अंगठी हवी असेल आणि बोटाचे माप फारसे बदलणार नसेल, तर पॅलेडियम.

पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : व्हाइट गोल्डमध्ये निकेल आहे की पॅलेडियम, पुन्हा रोडियम चढवायला किती आकारतात, आणि परत घेताना किती घट धरतात. व्हाइट गोल्डवर बीआयएसचे चिन्ह, शुद्धतेचा शिक्का आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक पाहावा. प्लॅटिनमवर ९५० चा शिक्का असावा आणि बिलावर शुद्धता व वजन स्वतंत्र लिहून घ्यावे. मोडीच्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो.